बंडूच्या गाठी, लिम्फोमा आणि 'किती दिवस?' या प्रश्नाचं खरं उत्तर

(मी पुण्यात कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे. ही चिठ्ठी एका काकूंना, त्यांच्या बंडू नावाच्या लॅब्रेडॉर कुत्र्याबद्दल लिहिलेली, त्यांच्याच परवानगीने इथे देतेय, नाव-गाव ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. हेच प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं.)

काकू, नमस्कार.

सोमवारी क्लिनिकमध्ये मी 'कॅन्सर' म्हटलं आणि त्यानंतरचं तुम्हाला काही ऐकूच आलं नाही, ते मला दिसत होतं. तुम्ही बंडूच्या कानामागे खाजवत बसलात आणि काका मान डोलवत होते, पण तेही ऐकत नव्हते. त्यात तुमची चूक काहीच नाही, सगळ्यांचं तसंच होतं. म्हणून आता नीट लिहून पाठवतेय, म्हणजे सावकाश वाचता येईल, बंगळुरूला मुलालाही पाठवता येईल, आणि तो गुगल करून जे पन्नास प्रश्न विचारणार आहे त्यातले निम्मे इथेच संपतील.

झालंय काय नक्की

तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, "पट्टा दोन भोकं सैल करावा लागला, पण वजन तर वाढलेलं नाही." फार नेमकं पकडलंत तुम्ही. बंडू लठ्ठ झाला नव्हता, त्याच्या जबड्याखालच्या आणि खांद्यापुढच्या गाठी सुजल्या होत्या. या गाठी प्रत्येकाच्या अंगात असतात, लिम्फ नोड म्हणतात त्यांना. आपल्याकडे चौकाचौकात पोलीस चौकी असते ना, तसंच समजा. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे त्यातले हवालदार, चौकीत हजेरी लावायची, रक्तातून गस्त घालायची, पुढच्या चौकीत जायचं. आता यातल्या एकाच हवालदाराचं डोकं फिरलं, तो काम सोडून नुसत्या स्वतःच्या कॉप्या काढत सुटला आणि त्या कॉप्या गस्तीच्याच रस्त्याने सगळ्या चौक्यांत जाऊन बसल्या. हाच लिम्फोमा. तो संसर्गजन्य नाही, तुम्हाला नाही, शेजारच्या मोतीलाही नाही.

"आधी तुम्ही गोचीडताप म्हणालात की!"

म्हणाले होते. पावसाळा, अंगावर गोचीड, गाठी सुजलेल्या, रक्तात प्लेटलेट जरा कमी. पुण्यात असं कुत्रं समोर आलं की डोक्यात आधी गोचीडतापच येतो, आणि दहापैकी बऱ्याच वेळा तोच निघतो. म्हणून डॉक्सीसायक्लिन चालू केलं. पण गोचीडताप असता तर दहा दिवसांत गाठी उतरायला लागल्या असत्या, आणि इथे दहाव्या दिवशी गुडघ्यामागची गाठ उलट लिंबाएवढी झाली होती. खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी गाठीत सुई घालून पेशी बघितल्या असत्या तर तुमचे दहा दिवस वाचले असते. आता मी तसंच करते, चारपेक्षा जास्त ठिकाणी गाठी एकदम सुजल्या असतील तर गोळ्या चालू करायच्या आधी सुई.

सुई जबड्याखाली न घालता गुडघ्यामागे का घातली, असं काकांनी विचारलं होतं. जबड्याखाली लाळेची ग्रंथी अगदी चिकटून असते, तिलाच टोचलं जाऊ शकतं, शिवाय दात किडले, हिरडी सुजली तरी तिथली गाठ फुगते. गुडघ्यामागची गाठ मात्र उगाच फुगत नाही, त्यामुळे तिथलं उत्तर जास्त स्वच्छ मिळतं. साधारण निरोगी गाठीत सगळ्यात जास्त असतात त्या लहान, पिकलेल्या लिम्फोसाइट. बंडूच्या काचपट्टीवर निम्म्याहून जास्त पेशी मोठ्या, कोवळ्या, एकसारख्या दिसल्या. मग गाठीचा तुकडा लॅबला पाठवला, कारण पुढचा प्रश्न होता बी की टी.

बी की टी, आणि स्टेज चार म्हणजे संपलं का

लिम्फोसाइटच्या दोन मुख्य जाती, बी आणि टी. कुत्र्यांमध्ये बी जातीचा लिम्फोमा जास्त सापडतो आणि तो औषधाला बरा प्रतिसाद देतो. टी जातीचा बहुतेक वेळा जास्त हट्टी, आणि त्यात बऱ्याचदा रक्तातलं कॅल्शियम वाढतं, कुत्रं बादलीभर पाणी पितं आणि घरात शू करतं. बंडूचा रिपोर्ट बी आलाय, कॅल्शियम नॉर्मल आहे. आजच्या दिवसातली चांगली बातमी एवढीच, पण ती खरोखर चांगली आहे.

सोनोग्राफीत प्लीहा थोडी मोठी दिसली म्हणून कागदावर 'स्टेज ४' लिहिलंय. तो आकडा वाचून घाबरू नका. माणसांच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण लिम्फोमा मुळातच सगळीकडे फिरणारा आजार आहे, कुत्र्यात तो सापडतो तेव्हा बहुतेक वेळा तीन किंवा चारवरच असतो, आणि त्या दोघांत फार फरक पडत नाही. पाच म्हणजे रक्त-अस्थिमज्जेत किंवा इतर अवयवांत गेलेला, तो वाईट. स्टेजच्या पुढे एक छोटं अक्षर आहे ते बघा, 'ए'. म्हणजे कुत्रं अजून खातंय, खेळतंय, ठणठणीत वाटतंय. जेवण सोडलेलं, मलूल झालेलं असेल तर 'बी' लिहितात (जातीतला बी वेगळा, हा वेगळा, नावं ठेवणाऱ्यांना दुसरी अक्षरं सुचली नाहीत). मला स्टेजच्या आकड्यापेक्षा हे अक्षर जास्त सांगतं. बंडू सोमवारी माझ्या टेबलावरून तुमच्या पर्समधल्या बिस्किटाकडे बघत होता, तो 'ए'च आहे.

"गाठी कापून टाका ना सरळ"

कितीही चौक्या पाडल्या तरी फिरते हवालदार रस्त्यावरच आहेत. आठ-दहा ठिकाणच्या गाठी काढल्या तरी आजार रक्तात राहतो, वर आठ जखमा. म्हणून इथे ऑपरेशनचा उपयोग नाही, रक्तातून सगळीकडे पोचणारंच औषध लागतं. म्हणजे केमो.

बरा होईल का? हा शब्द जपून वापरायला हवा

नाही, बहुतेक वेळा पूर्ण बरा होत नाही. जे होतं त्याला रेमिशन म्हणतात, म्हणजे गाठी हाताला लागेनाशा होतात, कुत्रं अगदी पूर्वीसारखं होतं, पण मुळं राहिलेली असतात. तुमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजतं ना, तसंच. सगळं उपटलं, प्लॉट लख्ख दिसतो, फोटो काढावासा वाटतो. पण मातीत बी आहे, आणि पुढच्या पावसात जे उगवतं ते मागच्या फवारणीतूनही वाचलेलं असतं, म्हणून ते आणखी चिवट. लिम्फोमा परत येतो तेव्हा तीच औषधं कमी चालतात, त्याचं कारण हेच. वाचलेल्या पेशींमध्ये औषध आत आलं की बाहेर फेकणारा एक पंपच असतो.

म्हणूनच काकू, एक कळकळीची गोष्ट. खाज येत होती तेव्हाच्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या तुमच्या फ्रिजवरच्या डब्यात उरल्यात असं तुम्ही म्हणालात. त्यातली अर्धीसुद्धा देऊ नका. ते स्टेरॉइड आहे, दिलं की दोन दिवसांत गाठी उतरतील, तुम्हाला वाटेल चमत्कार झाला, आणि आपण चिवट पेशी निवडून ठेवलेल्या असतील. आधी स्टेरॉइड मिळालेल्या कुत्र्यांना नंतर केमोचा फायदा कमी होतो. फक्त स्टेरॉइडच द्यायचं असं ठरलं तर वेगळी गोष्ट, पण ते ठरवून करू, चुकून नको.

चार रस्ते आहेत, त्यातला कुठला तुमचा

आकडे सांगायच्या आधी 'मीडियन' हा शब्द समजून घेऊ, कारण घोळ तिथेच होतो. हा आजार असलेली शंभर कुत्री ओळीत उभी करा, सगळ्यात कमी जगलेलं डावीकडे, सगळ्यात जास्त जगलेलं उजवीकडे. मधलं, पन्नासावं कुत्रं जितकं जगलं तो मीडियन. मीडियन एक वर्ष म्हणजे बंडूला एक वर्ष मिळणारच असं नाही, आणि वर्ष संपलं की संपलं असंही नाही, निम्मी कुत्री त्याच्या आधी गेली आणि निम्मी त्याच्या पुढे. बंडू कुठे उभा राहील ते मला आज माहीत नाही.

काहीच केलं नाही तर साधारण चार ते सहा आठवडे. फक्त प्रेडनिसोलोन दिलं तर एक ते दोन महिने, त्यातले पहिले काही आठवडे छान जातात, भूक तर इतकी लागते की तो तुमच्या ताटातली पोळी ओढेल.

तिसरा रस्ता म्हणजे डॉक्सोरुबिसिन नावाचं एकच लाल रंगाचं औषध, दर तीन आठवड्यांनी, एकूण पाच वेळा. मीडियन सहा ते आठ महिने. फेऱ्या कमी, आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहता, काकांचे गुडघे आधीच बोलतात, एकतीस किलोचं कुत्रं दर आठवड्याला खाली-वर करायचं म्हणजे हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

चौथा रस्ता म्हणजे चार औषधांचा कोर्स, आम्ही त्याला 'चॉप' म्हणतो. पहिल्या आठवड्यात विनक्रिस्टीन, दुसऱ्यात सायक्लोफॉस्फामाइड, तिसऱ्यात परत विनक्रिस्टीन, चौथ्यात डॉक्सोरुबिसिन, पाचवा आठवडा सुट्टी. सोबत पहिल्या चार आठवड्यांत प्रेडनिसोलोन, कमी कमी करत. असे चार फेरे, म्हणजे १९ आठवडे आणि १६ डोस, आणि मग बंद, आयुष्यभर चालू ठेवायचं नाही. बी जातीच्या लिम्फोमात दहापैकी आठ-नऊ कुत्री रेमिशनमध्ये जातात, मीडियन साधारण एक वर्ष, आणि चार-पाचांतलं एक कुत्रं दोन वर्षांनंतरही असतं. यातले बहुतेक आकडे परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलांतले आहेत, जिथे रात्री बेरात्री रक्तसुद्धा तपासून मिळतं, त्यामुळे ते जरा हात राखूनच वाचायचे.

खर्चाचा अंदाज वेगळ्या कागदावर दिलाय. औषधं माणसांचीच, जेनेरिक मिळतात, त्यामुळे मुलाने परदेशी साइटवर जे आकडे बघितले ते विसरा. आपल्याकडे जास्त पैसे जातात ते दर वेळच्या रक्त तपासण्यांत.

"माणसांना केमोत केवढे हाल होतात, मुक्या जिवाला कशाला?"

हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण डोळ्यात होता. तुमच्या जाऊबाईंचं झालं ते तुम्ही जवळून बघितलंय, मला माहितेय. फरक डोसमध्ये आहे, आणि मुळात हेतूमध्ये. केमोचा डोस अंगाच्या पृष्ठभागावर काढतात, एकतीस किलोच्या बंडूचा पृष्ठभाग जवळपास बरोब्बर एक चौरस मीटर. त्याला डॉक्सोरुबिसिन बसतं ३० मिलिग्रॅम. माणसाला तेवढ्याच पृष्ठभागाला बऱ्याचदा ६० ते ७५ देतात. माणसात आजार मुळापासून संपवायचा असतो म्हणून शरीर सोसेल तिथपर्यंत ताणतात. बंडूला आपण कारण समजावून सांगू शकत नाही, म्हणून आधी त्याचे दिवस चांगले जावेत आणि मग ते जास्त असावेत, हा क्रम. केस बहुतेक जात नाहीत, लॅब्रेडॉरच्या मिशा गळू शकतात. पूडल, शिट्झूसारख्या सतत केस वाढणाऱ्यांचे जातात.

पण काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. बिघडू शकतं ते असं. डोसनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उलट्या, जुलाब, एखाद दिवस जेवणाला तोंड नाही. त्याच्या गोळ्या आधीच देऊन ठेवेन. साधारण सातव्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, आणि तेव्हा साधा जंतूसुद्धा महागात पडतो. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी रक्त बघायचं आणि पेशी कमी असतील तर डोस एक आठवडा पुढे. घरी तुमच्याकडे एक डिजिटल थर्मामीटर हवं, शेपटीखाली लावायचं, टोकाला थोडं व्हॅसलीन. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल असतं, १०३ च्या वर गेलं आणि तो गळून पडलेला दिसला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करा. नाक गरम-थंड बघू नका, त्यावरून काही कळत नाही. आणि त्यावर क्रोसिन, आयबुप्रोफेन वगैरे घरातलं काहीही देऊ नका.

सायक्लोफॉस्फामाइडने कधीकधी लघवीत रक्त येतं, मूत्राशयाला जळजळ होते. म्हणून ते सकाळी द्यायचं, पाणी भरपूर, आणि त्या दिवशी तीन-चार वेळा जास्त खाली न्यायचं म्हणजे लघवी आत साठून राहणार नाही. विनक्रिस्टीन आणि ते लाल औषध शिरेच्या बाहेर सांडलं तर कातडी जळते, म्हणून सुई पहिल्याच टोचण्यात नीट बसायला हवी. त्या वेळी बंडूला तुम्ही धरू नका, माझा मुलगा धरेल (क्लिनिकमधला, माझा नव्हे), कारण तुम्ही समोर असलात की तो हालतो.

डॉक्सोरुबिसिन हृदयावर भार टाकतं, पण तो एकूण डोसवर अवलंबून असतो. चार वेळा ३० म्हणजे १२०, धोका साधारण १८० च्या पुढे वाढतो. तरी सुरू करायच्या आधी एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ. बंडू कोली जातीचा असता तर आधी एक जीन टेस्ट केली असती, काही कोलींना ही औषधं सोसत नाहीत. लॅब्रेडॉरचं तसं नाही.

ताईंचं बाळंतपण

मुलगी पुढच्या महिन्यात माहेरी येणार म्हणालात, पाचवा महिना. तिने बंडूला जवळ घेतलं, कुरवाळलं तर काही हरकत नाही. पण डोसनंतर दोन-तीन दिवस त्याच्या लघवीत, शीमध्ये, उलटीत औषधाचा अंश असतो, ते तिने साफ करायचं नाही, गोळ्यांना हात लावायचा नाही. तुम्हीही हातमोजे घाला, गोळ्या कधी तोडू-कुटू नका, आणि गच्चीत शू केली तर भरपूर पाणी ओता. हे जमणार नसेल, घर आधीच भरलेलं असेल, तर तेही 'चॉप' न करण्याचं अगदी रास्त कारण आहे. कमीपणा वाटून घेऊ नका.

"मी चपाती-भात दिला म्हणून झालं का?"

नाही. घरचं खाल्लं, विकतचं खाल्लं, लस दिली, नाही दिली, यातल्या कशामुळे बंडूला झालं असं मी म्हणू शकत नाही आणि दुसरं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. हळद, गोमूत्र, अमुक काढा वगैरे पार्कमधले लोक सांगतीलच. लिम्फोमाच्या गाठी त्याने उतरलेल्या मी पाहिल्या नाहीत. द्यायचंच असेल तर मला विचारून, केमो चालू असताना पोट आधीच नाजूक असतं.

मी काय केलं असतं

हे तुम्ही विचारलंत आणि मी सोमवारी टाळलं. माझा कुत्रा असता तर मी 'चॉप' सुरू केलं असतं आणि पहिल्या पाच आठवड्यांवर थांबून बघितलं असतं. पहिल्या विनक्रिस्टीननंतर बहुतेक कुत्र्यांच्या गाठी आठवड्याभरात उतरतात. पाच आठवड्यांत उतरल्या नाहीत तर हा आजार या औषधांचं ऐकणार नाही हे कळतं, आणि मी तिथेच थांबले असते. उतरल्या आणि तो मजेत असला तर पुढे. म्हणजे आज १९ आठवड्यांचा निर्णय घ्यायचा नाहीये, पहिल्या फेऱ्याचा घ्यायचाय.

परत आला हे कसं कळणार? तुमच्याच हाताला कळेल. दर रविवारी त्याच्या मागच्या पायाच्या गुडघ्यामागे दोन बोटांनी चाचपायचं. निरोगी असताना तिथे वालाच्या दाण्याएवढं काहीतरी लागतं किंवा काहीच लागत नाही. सुपारीएवढं लागलं तर फोन. तेव्हा दुसरी औषधं आहेत, पण प्रत्येक वेळी प्रतिसाद आधीपेक्षा कमी काळ टिकतो. आणि एक दिवस असा येईल की श्वासाला त्रास, दोन दिवस जेवण नाही, तुम्ही दारात आलात तरी शेपूट हलली नाही. त्या दिवशी आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीचा मोठा डोस, मी घरी येऊन करेन, त्याला तीन जिने उतरवायचं नाही. हे आत्ताच लिहिलं, कारण त्या दिवशी बोलायला बसलो तर आपल्याला जमणार नाही.

गुरुवारी सकाळी साडेनऊला या, रक्त आणि हृदयाची सोनोग्राफी, उपाशी ठेवू नका, नेहमीची पोळी-दूध चालेल. औषध त्या दिवशी द्यायचं की नाही ते तिथेच ठरवू. येताना फ्रिजवरच्या डब्यातलं ते प्रेडनिसोलोनचं पाकीट माझ्याकडे आणून द्या. आणि पट्टा आत्ता ज्या भोकात आहे तिथे पेनने खूण करून ठेवा, पहिल्या डोसनंतर आठवड्याने तोच बघू.

तुमची,
डॉक्टर